खुंटी कुठे ठोकायची?

अर्थ टेस्टरच्या पडद्यावर आकडा दिसला की तो खऱ्या रोधाचा आहे असं आपण गृहीत धरतो. टेस्टर मात्र एवढंच सांगतो की त्याने सोडलेल्या करंटमुळे दोन ठिकाणांमध्ये किती व्होल्टेज पडलं आणि त्या दोन राशींचा भागाकार किती आला. त्यातलं एक ठिकाण कुठे असावं हे मोजणारा माणूस ठरवतो, हातोड्याने खुंटी ठोकून. माझ्या मते अर्थिंगच्या चाचण्यांमधले बहुतेक खोटे आकडे यंत्रातून येत नाहीत, खुंट्यांच्या अंतरातून येतात. यंत्र तपासायला दहा मिनिटं पुरतात, अंतर तपासायला अर्धा दिवस लागू शकतो, आणि तो अर्धा दिवस सहसा कोणी देत नाही. या लेखात दोन्ही तपासण्यांचा विचार केला आहे, पण भर दुसरीवर आहे.

आधी यंत्राबद्दल. टेस्टरला चार टर्मिनल असतात, दोन करंटची आणि दोन पोटेन्शियलची. तीन तारांनी मोजताना करंटचं एक आणि पोटेन्शियलचं एक टर्मिनल पट्टीने जोडून ती तार अर्थ पिटला लावतात. उरलेल्या दोन तारा दोन खुंट्यांना जातात, जवळची पी आणि लांबची सी. करंट पिटातून जमिनीत शिरतो आणि सी खुंटीतून परत येतो. पिट आणि पी यांच्यामधलं व्होल्टेज यंत्र मोजतं. करंट डीसी का नसतो, असा प्रश्न नवीन मुलं विचारतात. ओल्या मातीत डीसी सोडला की खुंटीवर रासायनिक क्रिया सुरू होऊन वेगळंच व्होल्टेज तयार होतं, शिवाय जमिनीत भटका डीसी आधीच असू शकतो. म्हणून यंत्र उलटसुलट करंट सोडतं, आणि तोही ५० हर्ट्झ किंवा त्याच्या पटीत नसलेला. अनेक डिजिटल टेस्टर १२८ हर्ट्झवर चालतात, कारण लाइनमधून जमिनीत गळणारा ५० हर्ट्झचा करंट आणि त्याच्या पटी गाळून टाकता येतात. जुन्या हँडलवाल्या टेस्टरमध्ये हेच काम जनरेटरच्या दांड्यावर बसवलेला कम्युटेटर करतो. हँडल फिरवताना काटा थरथरत असेल, तर वेग थोडा कमी-जास्त करून काटा स्थिरावतो का ते बघायचं.

साइटवर निघण्याआधी मी तीन गोष्टी करून घेतो. पहिली, चारही टर्मिनल जाड तारेने एकत्र जोडून शून्य येतं का ते बघणं. दुसरी, माहीत असलेला रोध मोजणं. १ ओहम आणि १० ओहमचे वायरवाउंड रेझिस्टर डब्यात ठेवावेत. एका टोकाला पिटाकडची दोन्ही टर्मिनल, दुसऱ्या टोकाला सी आणि पी जोडले की तोच आकडा यायला हवा. या दोन तपासण्या बहुतेक ठिकाणी होतात. तिसरी कुठे फारशी होत नाही, आणि खरी कामाची तीच आहे. त्या १० ओहमच्या जोडणीत आता सीच्या तारेत १ किलोओहमचा रोध घाला, वाचन बघा. मग तो काढून पीच्या तारेत घाला, पुन्हा वाचन बघा. दोन्ही वेळा १० च आले तर यंत्र सुक्या जमिनीतही खरं बोलेल. आकडा घसरला, किंवा यंत्राने खुंटीचा रोध जास्त असल्याचा इशारा दिला, तर या यंत्राची मर्यादा आपल्याला टेबलावरच कळली.

हे एवढं का करायचं, तर खुंटीचा स्वतःचा रोध आपल्या अंदाजापेक्षा खूप मोठा असतो. १२ मिलिमीटर जाडीची खुंटी ५० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत ३० सेंटिमीटर ठोकली तर तिचा रोध सुमारे ११५ ओहम येतो. मे महिन्यात वरची माती दहापट सुकलेली असेल तर हाच आकडा हजाराच्या वर जातो. सीचा रोध एवढा वाढला की यंत्राला पुरेसा करंट ढकलता येत नाही. पीमधून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून चांगल्या यंत्रात तिचा रोध चालून जातो, पण जुन्या यंत्रात त्याचाही परिणाम दिसतो. अशा वेळी खुंटी आणखी खोल ठोकावी, तिच्या बुडाशी पाणी ओतावं, किंवा मीटरभर अंतरावर दुसरी खुंटी ठोकून दोन्ही जोडाव्यात. खुंटीला पाणी घालण्यात काही गैर नाही, कारण तिचा रोध आपल्याला मोजायचाच नाही. पण तपासणीच्या दिवशी सकाळी खुद्द अर्थ पिटात दोन बादल्या ओतणं ही फसवणूक आहे, मग ते काम कितीही सवयीने होत असलं तरी.

तीन तारांच्या जोडणीत आणखी एक बारीक चूक दडलेली असते. पिटापर्यंतच्या तारेचा रोध वाचनात मिसळतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ५ मीटर तारेचा रोध ०.०६ ओहम असतो. १५ ओहमच्या पिटासाठी तो नगण्य आहे, पण १ ओहमच्या मेशसाठी ती सहा टक्के भर आहे. क्लॅम्प गंजलेल्या पट्टीवर लावला असेल तर भर आणखी वाढते. म्हणून लहान आकड्यांसाठी जोडपट्टी काढून चार तारांनी मोजावं, आणि पट्टी काचपेपरने घासूनच क्लॅम्प लावावा.

इथपर्यंत सगळं हातातलं आहे. आता जमिनीत शिरू.

अर्थ इलेक्ट्रोडचा रोध धातूत नसतो, त्याच्या भोवतालच्या मातीत असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून इलेक्ट्रोडच्या जागी a त्रिज्येचा अर्धगोल जमिनीत पुरलेला आहे असं मानतात. करंट त्यातून सगळीकडे पसरतो. जवळच्या मातीत त्याला जागा थोडी, म्हणून रोध जास्त. लांब गेल्यावर जागा अफाट, म्हणून रोध कमी. हिशेब असा निघतो की a च्या दहापट अंतरापर्यंत एकूण रोधाच्या ९० टक्के भाग येऊन गेलेला असतो, उरलेले १० टक्के त्याच्या पलीकडच्या सगळ्या पृथ्वीत. खरा रोध म्हणजे इलेक्ट्रोडपासून अनंतापर्यंतचा. तो मोजायला पी अनंतावर हवी आणि सी त्याहून लांब. दोन्ही शक्य नाहीत.

प्रत्यक्षात सी d अंतरावर असते आणि पी त्या दोघांमध्ये x अंतरावर. अंतरं अर्धगोलाच्या मध्यापासून मोजायची. मग यंत्र जे दाखवतं ते असं:

```
R = (ρ/2π) × [1/a − 1/d − 1/x + 1/(d − x)]
```

यातलं पहिलं पद आपल्याला हवं असलेलं खरं मूल्य. पुढची तीन पदं चुकीची. सीमुळे इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज थोडं खाली येतं, ते दुसरं पद. पी अनंतावर नसल्यामुळे तिच्यावर थोडं व्होल्टेज उरतं, ते तिसरं. आणि सी जवळ असल्याने पीवरचं व्होल्टेज उलट दिशेने ओढलं जातं, ते चौथं. शेवटचं पद वाचन वाढवतं, आधीची दोन कमी करतात. तिन्ही मिळून शून्य होतील अशी पीची एक जागा आहे. x² + xd − d² = 0 हे वर्गसमीकरण सोडवलं की x = ०.६१८ d मिळतं. ६२ टक्क्यांचा नियम म्हणतात तो हाच. अमेरिकेत ई. बी. कर्ट्स यांनी १९५८ मध्ये या मोजणीच्या पायाची मांडणी केली, त्यानंतर तो सर्वत्र पोचला.

हा नियम आपल्याकडे पोचताना त्याच्या अटी मागे राहिल्या. माती सगळीकडे एकसारखी असावी ही एक अट. अंतर इलेक्ट्रोडच्या विद्युत-मध्यापासून मोजावं ही दुसरी. इलेक्ट्रोड अर्धगोल मानता येण्याइतकी सी लांब असावी ही तिसरी. शेवटच्या दोन अटी कारखान्यांत आणि सबस्टेशनांत सर्रास मोडल्या जातात.

एकट्या पिटाचं उदाहरण घेऊ. ३ मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप, माती ५० ओहम-मीटर. आय. एस. ३०४३ मधल्या सूत्राने त्याचा रोध सुमारे १५ ओहम येतो. तेवढाच रोध देणारा अर्धगोल अवघ्या अर्ध्या मीटर त्रिज्येचा, नेमकं ०.५३ मीटर. म्हणजे ९० टक्के रोध पिटापासून साडेपाच मीटरच्या आतच संपतो. सी २० मीटरवर ठोकली आणि पी ६२ टक्क्यांच्या जागी दोन मीटर इकडेतिकडे झाली, तरी काही बिघडत नाही. ५२ टक्क्यांवर वाचन दोन टक्के कमी येतं, ७२ टक्क्यांवर तीन टक्के जास्त. यंत्राच्या पेटीतल्या १५-२० मीटरच्या तारा अशा पिटासाठी पुरेशा आहेत. तरी शक्य असेल तर ३०-४० मीटर घ्यावेत. पेटीतल्या तारा पुरतात हा अनुभव इथेच तयार होतो, आणि माणूस तोच अनुभव मेशकडे घेऊन जातो.

आता २२ मीटर बाय २२ मीटरची मेश घ्या, लहान सबस्टेशनच्या यार्डात असते तशी. तीच माती, ५० ओहम-मीटर. अशा मेशचा खरा रोध साधारण १ ओहम, आणि तिचा समतुल्य अर्धगोल ८ मीटर त्रिज्येचा. ९० टक्के रोध संपायला मध्यापासून ८० मीटर जावं लागतं. मोजणारा मात्र मेशच्या कडेच्या पिटाला तार लावतो, जो मध्यापासून ११ मीटरवर आहे, आणि कडेपासून २० मीटरवर सी ठोकतो. त्याच्या मते सी २० मीटरवर आहे. सूत्राच्या मते ती ३१ मीटरवर आहे, आणि मेश सीला जवळजवळ टेकलेली आहे.

या मांडणीत पी कडेपासून ५ मीटरवर ठेवली तर वाचन ०.७८ ओहम. ८ मीटरवर ०.९९. मध्यावर, म्हणजे १० मीटरवर, १.१६. नियमाप्रमाणे ६२ टक्क्यांवर, म्हणजे १२.४ मीटरवर, १.४५. आणि १५ मीटरवर २.०३. अर्धगोलाचं सूत्र मेशच्या इतक्या जवळ काटेकोर राहत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील, पण ओघ हाच राहील. एकच मेश, एकच यंत्र, एकच दुपार, आणि आकडा पाऊणपासून दोनपर्यंत हवा तिथे थांबवता येतो. ज्याला १ ओहमच्या आत बसवायचं आहे त्याने पी जवळ ओढावी, आणि ज्याला नवीन पिटांचं कंत्राट काढायचं आहे त्याने लांब न्यावी. कोणी खोटं बोलतंय असं सिद्ध करता येणार नाही, कारण अहवालात अंतराचा रकानाच नसतो. हे मला फार अस्वस्थ करतं. याच आकड्यावर फॉल्टच्या वेळी यार्डात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली किती व्होल्टेज येईल हे ठरवलेलं असतं.

मग आकडा खरा आहे हे ओळखायचं कसं? एका वाचनाने कधीच ओळखता येत नाही. पी किमान तीन जागी ठोकावी, ६२ टक्क्यांच्या जागी आणि तिथून सीच्या अंतराच्या दहा-दहा टक्के आत आणि बाहेर. तिन्ही वाचनं जवळजवळ सारखी आली तर आपण सपाट भागात आहोत, म्हणजे इलेक्ट्रोडचा आणि सीचा प्रभाव पीच्या आसपास एकमेकांत घुसलेला नाही. वाचनं चढत गेली तर सपाट भाग तयारच झालेला नाही, आणि मधला आकडा कितीही पटण्याजोगा वाटला तरी तो वापरायचा नाही. वरच्या उदाहरणात पी ५ वरून १५ मीटरवर जाताना वाचन अडीचपटीहून जास्त वाढलं, तिथे सपाट भागाचं नावही नाही.

त्याच मेशसाठी सी कडेपासून २०० मीटर लांब न्या. आता पी १०४ मीटरवर ०.९८, १२४ मीटरवर १.०१ आणि १४४ मीटरवर १.०५. तीन वाचनं, फरक सात टक्क्यांच्या आत. यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. अंतरं अजूनही चुकीच्या ठिकाणापासून, मेशच्या कडेपासूनच मोजली आहेत. ११ मीटरची चूक तशीच आहे, पण २०० मीटरपुढे तिचं वजन उरलेलं नाही. मध्य कुठे आहे हे आपल्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. जुन्या यार्डात मेश किती लांब गेली आहे याचा नकाशाही हरवलेला असतो. अशा अज्ञानावर लांब अंतर हाच उपाय. सीचं अंतर मेशच्या सगळ्यात मोठ्या मापाच्या, म्हणजे कर्णाच्या, किमान पाचपट असावं हा नियम यातूनच आला. इथे कर्ण ३१ मीटर, म्हणजे दीडशे मीटर ही किमान मर्यादा. दोनशे मीटर मिळाले तर घ्यावेतच.

शहरात, औद्योगिक वसाहतीत, शेजारच्या भिंतीला लागून असलेल्या यार्डात दोनशे मीटर कुठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे. त्यावर ब्रिटनमधल्या जी. एफ. टॅग यांनी उतार पद्धत दिली. १९६४ मध्ये आलेलं त्यांचं भूसंपर्क रोधावरचं पुस्तक या विषयात आजही आधार मानलं जातं, आणि मोठ्या इलेक्ट्रोडांसाठीची ही पद्धत त्यांनी नंतर मांडली. तिची कल्पना साधी आहे. मध्य कुठे आहे हे माहीत नसेल तर वाचनांच्या चढणीवरूनच ते काढायचं.

आपल्या मेशवर करून बघू. समजा कडेपासून ५० मीटरवरच रस्ता लागतो, त्यामुळे सी तिथेच ठोकली. पी आता सीच्या अंतराच्या ०.२, ०.४ आणि ०.६ पट अंतरावर, म्हणजे १०, २० आणि ३० मीटरवर ठोकायची. वाचनं येतात ०.६९, ०.८८ आणि १.०७. शेवटच्या दोन वाचनांमधला फरक ०.१९, पहिल्या दोनमधलाही ०.१९. शेवटच्या दोनमधल्या फरकाला पहिल्या दोनमधल्या फरकाने भागलं की उतार गुणांक १.०० येतो. टॅग यांच्या तक्त्यात १.०० च्या पुढे पीची खरी जागा सीच्या अंतराच्या सुमारे ०.५४ पट लिहिलेली असते. ५० मीटरचे ०.५४ म्हणजे २७ मीटर. पी २७ मीटरवर ठोकली की वाचन १.०१ येतं, खऱ्या मूल्याशी एक टक्क्याच्या आत. ६२ टक्क्यांचा नियम आंधळेपणाने वापरून पी ३१ मीटरवर ठोकली असती तर १.१० आला असता, दहा टक्के जास्त.

या पद्धतीची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंतरं खरोखर मध्यापासून मोजली तर एकसारख्या मातीत गुणांक ०.५७ च्या आसपास येतो, आणि तक्ता तेच जुनं ०.६२ दाखवतो. गुणांक जसा वाढतो तशी आपली सुरुवातीची जागा मध्यापासून दूर आहे असं समजायचं. गुणांक तक्त्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेला तर सी फारच जवळ आहे, आणि गणिताने ते वाचवता येणार नाही, सी लांब न्यावीच लागेल. मी सुचवेन की एवढ्यावर न थांबता सीचं अंतरही बदलून बघावं, ५० ऐवजी ७० मीटर, आणि पुन्हा तीन वाचनं घ्यावीत. दोन्ही वेळचं उत्तर जुळलं तरच ते अहवालात लिहावं.

आता मातीची अट. महाराष्ट्राच्या पठारावर वर काळी माती, खाली मुरूम, आणि त्याखाली कातळ, अशी थरांची जमीन बहुतेक ठिकाणी मिळते. काळी माती ओली असताना करंटला मोकळी वाट देते, बेसॉल्टचा कातळ जवळजवळ देतच नाही. करंटला खाली जायला जागा नसते, म्हणून तो वरच्या थरातच आडवा पसरतो. त्यामुळे व्होल्टेज एकसारख्या मातीपेक्षा सावकाश उतरतं, आणि सपाट भाग यायला आणखी लांब जावं लागतं. ०.६२ हा आकडा एकसारख्या मातीचा आहे, थरांच्या मातीत पीची खरी जागा सरकते. इथे पाचपटीचा नियमही कमी पडू शकतो. अशा जागी आधी वेनरच्या चार खुंट्यांच्या पद्धतीने मातीची रोधकता वेगवेगळ्या अंतरांवर मोजावी. खुंट्यांमधलं अंतर वाढवत गेल्यावर रोधकता वाढत गेली, तर खाली कातळ आहे हे समजतं, आणि मग फॉल ऑफ पोटेन्शियलची तार पहिल्यापासूनच जास्त लांब घ्यायची तयारी करता येते. कोकणच्या जांभ्याच्या सड्यावर अडचण वेगळीच. तिथे खुंटी ठोकलीच जात नाही. ओल्या गोणपाटावर लोखंडी पत्रा ठेवून, वर दगड ठेवून काम भागवता येतं. काँक्रीटच्या अंगणातही हीच युक्ती चालते, जोवर काँक्रीट ओलं राहतं आणि त्याखालच्या सळ्या मेशला जोडलेल्या नसतात.

खुंट्यांच्या रेषेखालून काय गेलं आहे हेही बघायला हवं. जमिनीतला पाण्याचा लोखंडी पाइप किंवा कुंपणाची अर्थ केलेली जाळी रेषेला समांतर असेल तर ती व्होल्टेज आपल्यासोबत वाहून नेते. वाचन खालीच राहतं आणि कधीकधी अगदी सुंदर सपाट दिसतं, जे सगळ्यात धोकादायक. हे ओळखायला पूर्ण चाचणी पहिल्या रेषेच्या काटकोनात दुसऱ्या दिशेने पुन्हा करावी. दोन दिशांत उत्तर वेगळं आलं तर एका रेषेत काहीतरी पुरलेलं आहे. लांब तारांबाबत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. सी आणि पीच्या तारा शेकडो मीटर एकमेकांना चिकटून टाकल्या तर एकीचा बदलता करंट दुसरीत व्होल्टेज निर्माण करतो. मोठ्या मेशचा रोध अर्ध्या ओहमच्या खाली असेल तर हे व्होल्टेज मूळ वाचनाएवढं होऊ शकतं. तारा एकमेकींपासून काही मीटर दूर ठेवल्या की ते कमी होतं.

इलेक्ट्रोड वेगळा काढायचा की नाही, यावर साइटवर नेहमी वाद होतो. पिट मेशला जोडलेलाच असताना मोजला तर त्या पिटाचा नव्हे, अख्ख्या जोडलेल्या जाळ्याचा रोध येतो. एखाद्या पिटाचं ०.४ ओहम वाचन बघून खूश होण्यासारखं तिथे काहीच नसतं. पिट एकट्याने मोजायचा असेल तर लिंक काढावी लागते, आणि ती काढण्याआधी दुसरा पिट तो भार घ्यायला जागेवर आहे याची खात्री हवी. चालू प्लांटमध्ये एकुलता एक अर्थ उघडा केला आणि त्याच क्षणी फॉल्ट झाला तर पूर्ण व्होल्टेज त्या उघड्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे आपल्या दोन हातांमध्ये येतं. क्लॅम्प टेस्टरला लिंक काढावी लागत नाही. पण तो पिट आणि त्याला समांतर असलेले बाकी सगळे अर्थ मिळून झालेल्या वळशाचा रोध दाखवतो, म्हणून एकट्या सुट्या पिटासाठी तो निरुपयोगी आहे. ०.१ ओहमसारखा आकडा दिसला तर तो बहुधा जमिनीतून न जाता धातूच्या पट्ट्यांमधूनच फिरून आलेला असतो.

मोठ्या वीजकेंद्राच्या यार्डाचा कर्ण दोन-तीनशे मीटर असतो. तिथे पाचपट म्हणजे किलोमीटर-दीड किलोमीटर, आणि हातातल्या टेस्टरचा करंट एवढ्या लांब जाऊन परत आला तरी पीवरचं व्होल्टेज गोंगाटात बुडून जातं. अशा वेळी बंद ठेवलेल्या ट्रान्समिशन लाइनच्या तारेतून लांबच्या दुसऱ्या सबस्टेशनच्या अर्थपर्यंत मोठा करंट सोडतात. तो ५० हर्ट्झपासून थोडा बाजूला असलेल्या फ्रिक्वेन्सीवर असतो. पीची तार वेगळ्या दिशेने नेऊन टप्प्याटप्प्याने व्होल्टेज नोंदवतात. पद्धत अजूनही तीच आहे, फक्त खुंटीच्या जागी अख्खं सबस्टेशन आहे. पी त्यातही एका जागी ठोकून भागत नाही. व्होल्टेज स्थिर होईपर्यंत ती पुढे पुढे न्यावी लागते, आणि प्रत्येक जागेचं अंतर वाचनाच्या शेजारी लिहावं लागतं.